लिस्टिंगमधल्या प्रत्येक वाक्याचा पुरावा कुठे आहे? खाद्यपदार्थ ऑनलाइन विकणाऱ्या नव्या उद्योजकांसाठी दावा-नोंदवही

नाचणीचे लाडू, भाजणी आणि सत्त्व आम्ही ऑनलाइन विकू लागलो, त्याला आठ-नऊ महिने झाले असतील तेव्हाची ही गोष्ट. एका सकाळी लाडवाची लिस्टिंग बंद झालेली दिसली. सोबत दोन ओळींचा निरोप होता: ‘ग्लूटेन फ्री’ या दाव्याचा पुरावा सादर करा. माझ्याकडे रिपोर्ट होता, मी लगेच पाठवला. तो नाकारला गेला, आणि तो का नाकारला हे समजायला मला तीन आठवडे लागले. तो रिपोर्ट पीठ पुरवणाऱ्याने दिलेला होता. तपासणी पिठाची झाली होती, आम्ही विकत होतो लाडू.

त्या तीन आठवड्यांत मी आमच्या सगळ्या लिस्टिंगमधले एकेक वाक्य वहीत उतरवून त्याच्यासमोर ‘हे कशावरून?’ असा रकाना आखला. पुढे त्याचीच स्प्रेडशीट झाली आणि आज आमच्याकडे कुठलेही नवे वाक्य त्या शीटमधून गेल्याशिवाय ऑनलाइन चढत नाही. ती कशी तयार करायची ते खाली क्रमाने दिले आहे. उदाहरण आमच्या लाडवाचेच घेते, कारण त्यातल्या खाचाखोचा मला माहीत आहेत.

बसण्यापूर्वी हाताशी काय ठेवायचे

- पाकिटाच्या लेबलची छपाईसाठी दिलेली शेवटची फाइल
- सगळ्या ठिकाणच्या लिस्टिंगची आजची प्रत, फोटोंसकट
- पाककृतीचा वजनासह तक्ता आणि तो कधीपासून लागू आहे ती तारीख
- आजवरचे सगळे लॅब रिपोर्ट
- कच्च्या मालाची बिले, किमान गेल्या वर्षभराची
- अन्न परवाना किंवा नोंदणी, आणि सेंद्रिय वगैरे प्रमाणपत्र असेल तर ते
- एक साधी स्प्रेडशीट. विकतचे सॉफ्टवेअर लागत नाही.

## १. आधी वाक्ये गोळा करा, निवाडा नंतर

पहिल्या दिवशी खरे-खोटे ठरवायला बसू नका. फक्त उतरवून घ्या. निवाडा करत करत उतरवले की अडचणीची वाक्ये नकळत सुटतात, हे मी स्वतःवरून सांगते.

शीर्षक, मुद्दे आणि वर्णन सगळे पाहतात. खरी फसगत बाकीच्या जागी असते. फोटोवर छापलेला मजकूर हा दावाच असतो. आमच्या तिसऱ्या फोटोवर डिझायनरने स्वतःहून ‘हाडांसाठी उत्तम’ असा गोल शिक्का टाकला होता. दुसरी जागा म्हणजे ग्राहकाला न दिसणारे शोधशब्द. तिथे कुणीतरी ‘शुगर फ्री डायबेटिक लाडू’ भरून ठेवलेले असते, आणि शुगर फ्री शोधणाऱ्याला तुमचा गुळाचा लाडू दिसतो. तिसरी जागा प्रश्नोत्तरांची. ‘मधुमेही खाऊ शकतात का?’ याला आपण घाईत दिलेले ‘हो, बिनधास्त’ हे उत्तर वर्षानुवर्षे तसेच राहते. व्हॉट्सअ‍ॅप कॅटलॉग, इन्स्टाग्रामवरचे जुने पोस्टर आणि पाकिटाची मागची बाजूही यात धरा.

वाक्य आहे तसेच उतरवा, त्याच भाषेत, चुकीसकट. कुठे सापडले ते शेजारी लिहा. आमच्या एका लाडवाची अशी एकतीस वाक्ये निघाली.

## २. वाक्य फोडा

‘कोकणातल्या नाचणीचे, साखर न घालता, घरगुती पद्धतीने केलेले पौष्टिक लाडू.’ वाचताना हे एक वाक्य आहे, नोंदवहीत त्याच्या चार ओळी होतात. नाचणी कोकणातली आहे, हे खरेदीच्या बिलांवरून सिद्ध होते. साखर घातलेली नाही, हे पाककृतीवरून आणि नियमावरून ठरते. ‘घरगुती’ला वेगळाच नियम लागतो आणि ‘पौष्टिक’ला अजून चौथा. चारही एका ओळीत ठेवले, तर एकाचा पुरावा सापडताच पूर्ण वाक्य सुटल्यासारखे वाटते.

याच्या उलटही करावे लागते. ‘साखर घातलेली नाही’, ‘नो अ‍ॅडेड शुगर’ आणि फोटोवरचे साखरेच्या दाण्यांवर फुली मारलेले चित्र हा एकच दावा आहे. त्याला एकच क्रमांक द्या आणि तो कुठेकुठे आहे ते त्या ओळीत लिहा. उद्या दावा बदलला, तर सगळ्या जागा एकदम हाती लागतात.

आमच्या शीटमध्ये हे रकाने आहेत: दावा क्रमांक, ग्राहकाने वाचलेले नेमके शब्द, उत्पादन, कुठेकुठे आहे, कोणता नियम लागतो, पुरावा कोणता, पुराव्याची तारीख, कोणत्या पाककृतीला आणि बॅचला लागू, पुन्हा कधी तपासायचे, स्थिती, आणि मंजूर कुणी केले. शेवटचा रकाना रिकामा ठेवू नका. मंजुरीसमोर माणसाचे नाव आले की वाक्य जपून लिहिले जाते.

## ३. प्रत्येक दाव्यासमोर नियम लिहा

नवे विक्रेते इथे एक टप्पा गाळतात. ‘हे खरे आहे का?’ एवढेच विचारतात. ‘हे असे म्हणायची मुभा आहे का?’ हा त्याच्या आधीचा प्रश्न आहे. खाद्यपदार्थांच्या दाव्यांसाठी एफएसएसएआय या केंद्रीय अन्न नियामक संस्थेची २०१८ ची जाहिरात व दावे नियमावली आहे आणि तिच्या परिशिष्टांत नेहमीच्या शब्दांच्या अटी दिल्या आहेत. आमच्या यादीतली पाच-सहा वाक्ये तिथेच निकालात निघाली.

साखर घातलेली नाही. आमचा समज होता की पांढरी साखर नाही म्हणजे साखर नाही. नियमाला कोणत्याही प्रकारची साखर चालत नाही, म्हणजे गूळ आणि मधसुद्धा नाही. साखरेच्या जागी घातलेला सुक्या फळांचा गरही चालत नाही. त्यामुळे गूळ काढून खजूर वाटून घातला तरी सुटका होत नाही. आमचे वाक्य आता ‘गूळ घालून केलेले’ असे आहे. ते खरे आहे आणि गुळाच्या लाडवाचा ग्राहक नेमके तेच शोधत असतो.

शुगर फ्री. १०० ग्रॅममध्ये साखर ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त नको. गुळाच्या लाडवाचा इथे विचारच करू नका.

१००% नैसर्गिक. ‘नैसर्गिक’ हा शब्द एकाच घटकाच्या, काहीही न मिसळलेल्या पदार्थासाठी आहे. लाडवात चार-पाच घटक असतात. ‘१००%’ हा शब्द लेबलवर वापरू नका, असे एफएसएसएआयने मे २०२५ मध्ये सांगितलेही आहे.

घरगुती, आईच्या हातचे. ग्राहकाची चुकीची समजूत होईल असे ‘होममेड’ छापाचे शब्द नियमावलीत नको म्हटले आहेत. आमचे लाडू भाड्याच्या गाळ्यात सहा बायका मिळून वळतात. ‘हाताने वळलेले’ हे मात्र खरे होते आणि गाळ्यातल्या कामाचे फोटो व नोंदी दाखवून सिद्धही करता येत होते.

मधुमेहींसाठी उत्तम, हाडे मजबूत करतो. आजार बरा करणे किंवा टाळणे सुचवणारी वाक्ये पुराव्याच्या मागे न लागता काढून टाका. मधुमेहाबद्दलच्या दाव्यांना १९५४ चा औषधे व जादुई उपचारांच्या जाहिरातींचा कायदाही लागू शकतो. शरीरातल्या कार्याबद्दलचे, हाडांसारखे दावे आरोग्यदाव्यात मोडतात आणि त्यांना लागणारा शास्त्रीय आधार छोट्या विक्रेत्याच्या आवाक्यातला नसतो.

आणखी एक गोष्ट नव्याने आलेल्यांना ठाऊक नसते. पाकिटाच्या लेबलवर एक आणि ऑनलाइन दुसरेच, असे चालत नाही. एफएसएसएआयने नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑनलाइन विक्री मंचांना हे बजावून सांगितले. म्हणून नोंदवहीत प्रत्येक दाव्यासमोर ‘लेबलवर आहे / नाही’ हेही लिहा. चुकल्यास काय होते, तेही माहीत असू द्या: अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५३ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे.

## ४. लॅब रिपोर्ट वाचायला शिका

पुराव्याच्या रकान्यात ‘लॅब रिपोर्ट आहे’ एवढे लिहून भागत नाही. माझा पहिला रिपोर्ट नाकारला गेला तो याचमुळे. आता रिपोर्ट हाती आला की मी या क्रमाने पाहते.

नमुन्याचे वर्णन पहिले. तिथे तुमच्या उत्पादनाचे नाव आणि बॅच क्रमांक हवा. ‘नाचणी पीठ’ लिहिले असेल, तर तो लाडवाचा पुरावा नाही. नमुना पाठवतानाच्या अर्जावर आपण जे लिहितो तेच रिपोर्टवर छापले जाते, म्हणून अर्ज भरायचे काम कुरियरच्या माणसावर सोडू नका.

मग लॅब. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या संस्थेची तिला मान्यता असावी. पण मान्यता लॅबला सरसकट नसते, ठरावीक पदार्थांच्या ठरावीक तपासण्यांना असते. एकाच लॅबमध्ये प्रथिनांची तपासणी मान्यतेत बसते आणि ग्लूटेनची बसत नाही, असे होऊ शकते. मान्यतेतल्या रिपोर्टवर एनएबीएलचे चिन्ह आणि त्या रिपोर्टचा स्वतंत्र यूएलआर क्रमांक असतो. पैसे भरण्याआधी फोनवर सरळ विचारा: ‘लाडवातल्या ग्लूटेनची तपासणी तुमच्या मान्यतेत आहे का?’

त्यानंतर निकाल, आणि इथे थोडे थांबा. ‘ग्लूटेन फ्री’ म्हणायला ग्लूटेन किलोला २० मिलिग्रॅमच्या वर नको. रिपोर्टवर बहुधा आकडा नसतो, ‘मोजमाप मर्यादेखाली’ असे असते. ती मर्यादा किती, ते शेजारी पाहा. मर्यादा ५ असेल तर तुम्ही निश्चिंत. पण मर्यादाच २५ असेल, तर त्या रिपोर्टवरून लाडवात २२ नाहीत असे म्हणता येत नाही. कागद दिसायला सारखाच, पुरावा म्हणून निरुपयोगी.

शेवटी खालची बारीक अक्षरे: ‘निकाल फक्त तपासलेल्या नमुन्यापुरते.’ हे प्रत्येक रिपोर्टवर असते आणि ते खरेच असते. एका बॅचचा निकाल पुढच्या बॅचला लागू व्हायचा, तर दोन्ही बॅच एकाच पद्धतीने झाल्या हे तुम्हाला दाखवता आले पाहिजे. आमचे घोडे इथेच पेंड खात होते. नाचणीत मुळात ग्लूटेन नसते, पण आमची नाचणी गावच्या गिरणीत दळली जायची आणि त्याच जात्यातून आधी गहू गेलेला असायचा. एखाद्या दिवशी नाचणीचा घाणा आधी लागला तर निकाल चांगला, गव्हानंतर लागला तर वाईट. तपासणी कोणत्या दिवसाच्या पिठाची झाली यावर आमचा दावा उभा होता.

म्हणून ग्लूटेनच्या ओळीत आता एकाऐवजी तीन पुरावे आहेत: लाडवाचा लॅब रिपोर्ट, फक्त नाचणीसाठी ठेवलेल्या छोट्या चक्कीची नोंद आणि पोत्यांची स्वतंत्र साठवण. चक्की घेईपर्यंतचे चार महिने तो शब्द आम्ही काढूनच टाकला होता. जाता जाता चिवडा विकणाऱ्यांना सांगते: बांधानी हिंगात बहुतेकदा गव्हाचे पीठ किंवा मैदा असतो. तुमचा चिवडा तांदळाच्या पोह्यांचा असला तरी हिंगाच्या डबीवरचे घटक वाचल्याशिवाय हा शब्द लिहू नका.

## ५. एक दावा शेवटपर्यंत नेऊन पाहू: ‘कॅल्शियमने समृद्ध’

हा दावा मला सगळ्यांत पक्का वाटत होता. नाचणीत कॅल्शियम भरपूर असते हे शाळेतल्या मुलालाही माहीत आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांत नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम दिले आहे.

आता नियम पाहा. एखाद्या खनिजाचा ‘स्रोत’ म्हणायला १०० ग्रॅम पदार्थात रोजच्या शिफारशीच्या किमान १५ टक्के हवे. ‘समृद्ध’ म्हणायला ३० टक्के. प्रौढांसाठी कॅल्शियमची शिफारस दिवसाला १००० मिलिग्रॅम आहे. म्हणजे ‘स्रोत’ला १५० आणि ‘समृद्ध’ला ३०० मिलिग्रॅम लागतात.

नाचणी एकटी ३०० च्या वर जाते. पण आम्ही नाचणी विकत नव्हतो. आमच्या एक किलो लाडवात पीठ ४०० ग्रॅम, गूळ ३००, तूप २२० आणि सुके खोबरे व सुंठ मिळून ८० ग्रॅम. पिठातून येणारे कॅल्शियम: ४०० ग्रॅमला सुमारे १४५६ मिलिग्रॅम, म्हणजे लाडवाच्या १०० ग्रॅमला १४६. गूळ थोडी भर घालतो, तूप जवळजवळ काहीच नाही. लॅबमध्ये लाडवाचा आकडा १६८ आला.

‘समृद्ध’ला लागणाऱ्याच्या जेमतेम निम्मा. ‘स्रोत’ बसतो, पण काठावर. नाचणीचा वाण, जमीन, पिठातला कोंडा यांनी आकडा हलतो आणि १६८ चा १४५ व्हायला फार काही लागत नाही. मी नोंदवहीत असे लिहिले: ‘समृद्ध’ लाल, ‘स्रोत’ पिवळा, आणखी दोन बॅचच्या तपासणीनंतर ठरवू. तोवर लिस्टिंगवर पोषणतक्त्यात फक्त आकडा. पुढच्या दोन बॅच १५९ आणि १७४ आल्या, तेव्हा ‘कॅल्शियमचा स्रोत’ हे शब्द लेबलवर आणि मगच ऑनलाइन घेतले.

कच्च्या मालाचा गुण तयार पदार्थाला चिकटवणे ही आपल्या खाद्यपदार्थांच्या लिस्टिंगमधली सगळ्यांत मोठी चूक आहे, असे माझे मत आहे. जवसाच्या चटणीतले ओमेगा, शेवग्याच्या पराठ्यातले लोह, मेथीच्या खाकऱ्यातला तंतू, सगळीकडे हाच प्रकार. आधी पाककृतीतले प्रमाण गुणून बघा. कागद-पेन्सिलीचे पाच मिनिटांचे काम आहे आणि बऱ्याचदा लॅबचे पैसे वाचतात.

## ६. तीन रंग, आणि लाल ओळीचे काय करायचे

हिरवा म्हणजे नियमात बसते, पुरावा आजच्या उत्पादनाचा आहे आणि लेबलशी जुळते. पिवळा म्हणजे बहुधा खरे आहे, पण कागद अपुरा. लाल म्हणजे मुभा नाही किंवा खरे नाही.

लाल ओळ त्याच दिवशी सगळ्या जागांवरून काढा. पिवळ्या ओळीला तारीख द्या. आम्ही तीस दिवस देतो, तेवढ्यात पुरावा आला नाही की ती लाल. तारीख नसलेली पिवळी ओळ वर्षभर पिवळीच राहते.

आमच्या एकतीस वाक्यांचे फोडून, जोडून बावीस दावे झाले. त्यातले नऊ हिरवे, सहा पिवळे, सात लाल निघाले. काढलेली ओळ शीटमधून मात्र पुसू नका. ‘काढले’ असे लिहून तारीख टाका. सहा महिन्यांनी नवा डिझायनर तेच वाक्य हौसेने परत आणतो, तेव्हा ती ओळ कामी येते.

## ७. पुरावाही शिळा होतो

तीन गोष्टींनी हिरवी ओळ आपोआप पिवळी करा: पाककृती बदलली, पुरवठादार बदलला किंवा ठरलेली मुदत संपली. दिवाळीच्या गर्दीत नेहमीचा गूळ मिळाला नाही आणि दुसरीकडून आणला, तर ‘रसायनविरहित गूळ’ या दाव्यामागचे बिल आणि रिपोर्ट दोन्ही त्या बॅचला लागू राहत नाहीत. म्हणून पाककृतीला आवृत्ती क्रमांक द्या आणि गाळ्यात माल घेणाऱ्या व्यक्तीला हे माहीत असू द्या. आमच्याकडे गाळ्याची जबाबदारी सांभाळणाऱ्या मावशी नवे पोते आले की बिलाचा फोटो ग्रुपवर टाकतात. तेवढ्यावर काम भागते.

मुदतीची आठवण शीटच करून देईल. पुनर्तपासणीची तारीख I रकान्यात असेल, तर स्थितीच्या शेजारी हे सूत्र टाका, साठ दिवस आधी सूचना दिसेल:

```
=IF(I2="","तारीख नाही",IF(I2<=TODAY()+60,"तपासा","ठीक"))
```

कागदांच्या फाइलची नावेही ठरवून घ्या: दावा क्रमांक, विषय, महिना, बॅच. उदाहरणार्थ:

```
D07_gluten_2025-03_B14.pdf
```

‘रिपोर्ट फायनल नवीन २’ नावाच्या फाइलमध्ये ऐन वेळी काहीही सापडत नाही. आणि फक्त फोनमधल्या फोटोवर विसंबू नका, मूळ पीडीएफ लॅबकडून ई-मेलवर मागून घ्या.

## ८. विचारणा आली तर

दीड वर्षाने दुसऱ्या एका मंचाकडून ग्लूटेनबद्दलच विचारणा आली. या वेळी मी आधी दावा क्रमांक शोधला, त्या ओळीतले तीन कागद काढले आणि वर चार ओळींचे पत्र जोडले: दाव्याचे नेमके शब्द हे, लागणारी मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम, आमचा निकाल ५ च्या मोजमाप मर्यादेखाली, रिपोर्ट अमुक बॅचचा, आणि सध्या विक्रीला असलेली बॅच त्याच पाककृतीची व त्याच चक्कीवरची.

मागितले नाही ते पाठवू नका. मागच्या खेपेला मी घाबरून असतील नसतील ते अकरा कागद पाठवले होते आणि त्यातल्या एका जुन्या लेबलवरच्या ‘शुगर फ्री’ शब्दाने दुसरीच चौकशी ओढवून घेतली. उत्तर पाठवले की त्याची प्रत आणि तारीख त्याच ओळीत नोंदवा. या वेळी लिस्टिंग बंद झाली नाही. पाचव्या दिवशी ‘प्रकरण बंद’ असा निरोप आला आणि तोही मी D07 च्या फोल्डरमध्ये ठेवला.